पाडायचं टेबल, भिंतीतला स्क्रू आणि आपला गुडघा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं भिंतीवरचं फोल्डिंग टेबल पडलं ते जेवण झाल्यावर. ताटं आत गेली होती, टेबल रिकामं होतं. खुर्चीतून उठताना काकूंनी सवयीने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकवले आणि उजवीकडचं ब्रॅकेट स्क्रूच्या प्लॅस्टिक गिट्ट्यांसकट भिंतीतून सुटून आलं. काकूंना लागलं नाही, पण भिंतीला मुठीएवढी दोन भोकं पडली आणि खाली पांढुरक्या पिठाचा ढीग झाला.

टेबल बसवणारा सुतार दुसऱ्या दिवशी आला, ब्रॅकेट उचलून बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे बघा, जरासुद्धा वाकलेलं नाही. दीडशे किलोचं आहे." काकू म्हणाल्या, "अरे, पण माझं वजनच साठ किलो आहे!" दोघांचंही म्हणणं खरं होतं. साठ किलोच्या बाईने नुसते हात टेकवले तर दीडशे किलोचं ब्रॅकेट कसं निसटतं, हे कळलं की दुकानात कुठलं ब्रॅकेट घ्यावं आणि घरी ते कुठे ठोकावं, हे बरंचसं आपोआप कळतं.

आपण कुठल्या टेबलाबद्दल बोलतोय

वन बीएचकेत किंवा वन आरकेत जेवणाचं टेबल मांडून ठेवायला जागा नसते. मग दोन उपाय केले जातात. पहिला म्हणजे भिंतीवर ब्रॅकेट लावून त्यावर प्लाय बसवायचा, जेवताना वर उचलायचा आणि एरवी खाली पाडून भिंतीला चिकटवून ठेवायचा. दुसरा म्हणजे ड्रॉप-लीफ. त्यात सहा-आठ इंचांची अरुंद फळी भिंतीला कायमची असते आणि तिला बिजागरीने जोडलेलं मोठं पान खाली लोंबतं. पान उचललं की त्याखाली दाराच्या झडपेसारखा फिरणारा लाकडी त्रिकोण आणून टेकवायचा. दोन्हींचं गणित एकच आहे. पहिला प्रकार जास्त दिसतो आणि तोच जास्त पडतो, म्हणून इथे त्याच्याबद्दलच सांगतो.

फोल्डिंग ब्रॅकेटचे तीन भाग असतात. भिंतीला स्क्रूने बसतो तो उभा हात, ज्यावर प्लाय बसतो तो आडवा हात, आणि या दोघांना जोडणारा तिरका टेकू. टेबल उचललं की टेकू 'टक्' असा आवाज करून खाचेत अडकतो. तो आवाज आला नाही तर टेबल उभं दिसलं तरी ते अडकलेलं नसतं, त्यावर आमटीचं भांडं ठेवू नये.

भरलेली बादली आणि लांब केलेला हात

पाण्याने भरलेली बादली हात खाली सोडून धरली तर मिनिटभर काही वाटत नाही. तीच बादली हात समोर ताठ करून धरा. दहा सेकंदांत खांदा भरून येतो. पाणी तेवढंच आहे, पण ते अंगापासून लांब गेल्यामुळे खांद्याला कित्येक पट जोर लावावा लागतो.

टेबलाची पुढची कड म्हणजे बादली धरलेला पंजा आणि भिंतीतला वरचा स्क्रू म्हणजे खांदा. कडेवर भार आला की अख्खं ब्रॅकेट पुढे कलंडायला बघतं. त्याचं खालचं टोक भिंतीत रुततं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. तो किती जोराने ओढला जाईल हे दोन अंतरांवर ठरतं. भार भिंतीपासून किती लांब आहे हे एक, आणि वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटच्या खालच्या टोकापर्यंत किती अंतर आहे हे दुसरं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. जो आकडा येईल तितक्या पटीने स्क्रू ओढला जातो.

काकूंचं टेबल ४ फूट लांब आणि १८ इंच खोल होतं. ब्रॅकेटचा उभा हात ७ इंचांचा, त्यातलं कामाचं अंतर ६ इंच. म्हणजे कडेवरचा भार तिप्पट होणार. साठ किलोचं माणूस हात टेकून उठतं तेव्हा हातांवर २५ किलो सहज येतात, त्यांचे झाले ७५. काकू उजव्या कोपऱ्यावर टेकल्या, त्यामुळे ते जवळजवळ सगळे एकाच ब्रॅकेटवर गेले. टेबलाच्या प्लायचं स्वतःचं वजन सुमारे ८ किलो. ते मधोमध, म्हणजे भिंतीपासून ९ इंचांवर असल्याने त्याची दीडपट होते आणि ती दोन ब्रॅकेटांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकी ६. सगळं मिळून ८० किलोंच्या वर ओढ झाली. ताटं-पातेल्यांचे दहा किलो टेबलावर असते तर ती नव्वदीला टेकली असती. हिशोब माणूस धीमेपणाने उठलं तर असा आहे. धाडकन रेलून बसलं तर झटक्याचा भार याहून बराच मोठा होतो.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जेवणाचं वजन टेबलाला जड नसतं. चार ताटं, कुकर, पाण्याचा तांब्या मिळून पंधरा किलोही होत नाहीत. टेबल मोडतं ते उठणाऱ्या माणसामुळे, कडेवर कोपर रोवून मोबाइल बघणाऱ्या मुलामुळे आणि "जरा बल्ब बदलतो" म्हणत गुडघा टेकवणाऱ्या बाबांमुळे.

'पण पाकिटावर १५० किलो लिहिलं होतं'

लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. मात्र तो आकडा साधारणपणे ब्रॅकेटांच्या जोडीचा असतो, भार फळीभर सारखा पसरलेला आणि स्थिर आहे असं धरलेला असतो. मुख्य म्हणजे तो लोखंडाचा आकडा असतो, भिंतीचा नसतो. ब्रॅकेट बनवणाऱ्याला तुमची भिंत माहीत असण्याचं कारण नाही. सुताराने दाखवलेलं न वाकलेलं ब्रॅकेट एवढंच सांगत होतं की लोखंड पास झालं आणि भिंत नापास झाली.

म्हणून दुकानात किलोचा आकडा विचारण्याआधी मोजपट्टी काढून उभा हात मोजावा. आडवा हात १६ इंच आणि उभा हात ५ इंच असलेली देखणी, चापून बसणारी ब्रॅकेटं मिळतात. पुस्तकांच्या शेल्फला ती ठीक आहेत. जेवणाच्या टेबलाला उभा हात जितका लांब तितका बरा.

मग सरळ मोठं ब्रॅकेट का लावू नये?

इथे गुडघा मध्ये येतो. उभा हात लांब केला की टेकू खाली उतरतो, आणि खाली आपले पाय असतात.

नेहमीचं जेवणाचं टेबल जमिनीपासून ३० इंच उंच असतं. प्लायची जाडी वजा केली तर खालची बाजू सव्वाएकोणतीस इंचांवर येते. खुर्चीची बैठक १८ इंचांवर. म्हणजे मध्ये मांडीसाठी ११ इंच राहतात. बसलेल्या माणसाची मांडी सहा इंचांच्या आसपास जाड असते, त्यामुळे उंचीची फारशी अडचण नाही. साडेपाच फुटांच्या माणसाचा गुडघा बसल्यावर जमिनीपासून साधारण २१ इंचांवर असतो आणि टेबलाच्या कडेपासून आत १२ इंच जातो. टेबल १८ इंच खोल असेल तर गुडघा भिंतीपासून ६ इंचांवर थांबतो. तिथे ७ इंची हाताच्या ब्रॅकेटचा टेकू सुमारे २५ इंच उंचीवर असतो आणि ११ इंची हाताच्या ब्रॅकेटचा साडेबावीस इंचांच्या आसपास. कागदावर दोन्हींखालून गुडघा सुटतो.

पण कागदावरचा माणूस पाय जुळवून ताठ बसलेला असतो. आपण पायावर पाय टाकतो, आणि गुडघा चार-पाच इंच वर येऊन थेट टेकूच्या धारेवर आपटतो. आपल्यातले बरेच जण तर खुर्चीवरही मांडी घालून बसतात. तेव्हा गुडघे २४ इंचांवर येतात आणि शिवाय दोन्ही बाजूंना फाकतात. समोर टेकू असेल तर असं बसताच येत नाही. तोच टेकू तीन इंच बाजूला असता तर काही बिघडलं नसतं.

टेबल किती खोल असावं, त्याबद्दल थोडं. भिंतीकडे तोंड करून जेवायचं असेल तर बारा इंचांचं टेबल करू नका. जेवणाचं ताटच अकरा-बारा इंचांचं असतं, आणि गुडघे भिंतीला लागल्यामुळे माणूस मागे सरकून वाकून जेवतो, की घास मांडीवर पडलाच. १८ इंच ठेवा. ओट्याच्या उंचीचं टेबल आणि उंच स्टूल असेल तर पाय जास्त खाली लोंबतात, तिथे १५ इंचांत भागतं.

शेल्फची सवय

बहुतेक सुतार ब्रॅकेट कुठे लावतात? फळीच्या दोन्ही टोकांपासून पाव अंतर आत. चार फुटांच्या फळीला दोन्हीकडून एकेक फूट सोडून. शेल्फसाठी हे अगदी बरोबर आहे, कारण तिथे फळी कमीत कमी वाकते. पण चार फुटांच्या टेबलाशी दोन माणसं बसतात, प्रत्येकाला दोन फूट, आणि प्रत्येकाचं पोट टोकापासून बरोबर एक फुटावर येतं. म्हणजे शेल्फच्या हिशोबाने लावलेलं ब्रॅकेट नेमकं दोघांच्याही दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन उभं राहतं. टेबल बसवून झाल्यावर "पायाला लागतं हो" अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

टेबलाचं ब्रॅकेट माणसाच्या समोर नको, दोन माणसांच्या मध्ये किंवा टोकाला हवं. चार फुटांसाठी दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंचांवर. असं केलं की मोठा टेकूसुद्धा कोणाच्या गुडघ्यात येत नाही, म्हणजे लांब उभ्या हाताचं ब्रॅकेट घ्यायला वाट मोकळी होते.

याची किंमतही मोजावी लागते. दोन ब्रॅकेटांमध्ये आता साडेतीन फुटांचं अंतर पडतं आणि १८ मिलिमीटरचा प्लाय पुढच्या कडेला मधोमध दाबला तर डोळ्यांना दिसेल इतका लवतो. तिसरं ब्रॅकेट मध्ये लावलं तर लवणं थांबतं, आणि ते दोन माणसांच्या मध्ये असल्याने गुडघ्यालाही आड येत नाही. पण टेबल पाडताना प्रत्येक ब्रॅकेटचा टेकू सोडवणारा खटका एकाच वेळी दाबावा लागतो. हात दोन आणि खटके तीन. रोज दोनदा ही कसरत करून घरातले लोक आठवड्याभरात कंटाळतात आणि टेबल कायमचं उघडंच राहतं. त्यापेक्षा पुढच्या कडेपासून दोन इंच आत, प्लायच्या खाली, १ इंच रुंद आणि २ इंच उंच अशी लाकडी पट्टी दोन ब्रॅकेटांच्या मधल्या भागात स्क्रूने आणि गोंदाने बसवावी. मांडीच्या अकरापैकी दोन इंच ती घेते, तरी नऊ उरतात.

भिंत कसली आहे, हे ड्रिलचा भुगा सांगतो

भोक पाडताना लाल भुगा आला तर वीटकाम. गिलाव्याच्या आत दोन इंच गिट्टी गेली तर वीट चांगलं धरते. इथे होणारी चूक म्हणजे दीड इंची स्क्रू वापरणं. गिलावाच अर्धा इंच असतो आणि तो काही धरत नाही, त्यामुळे विटेत जेमतेम इंचभर स्क्रू उरतो.

ड्रिल थडथडत अडलं आणि करडा, रवाळ भुगा आला तर काँक्रीट. नव्या मिवान पद्धतीच्या टॉवरमध्ये जवळजवळ सगळ्याच भिंती अशा असतात. पकड उत्तम मिळते, फक्त स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, विजेचे पाइप तिथून गेलेले असतात.

आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, पिठासारखा पांढुरका भुगा पडला, तर ती एएसी ब्लॉकची भिंत. हे ब्लॉक म्हणजे आतून बारीक बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट. जाळीदार घावनासारखं समजा. साधी प्लॅस्टिकची गिट्टी फुगून भिंतीला घट्ट दाबते, तेच तिचं बळ. इथे ती आजूबाजूचे बुडबुडेच चिरडते आणि स्वतःसाठी सैल भोक करून ठेवते. त्यात मिस्त्रीने सवयीने हॅमर चालू ठेवला तर भोक आधीच मोठं झालेलं असतं. काकूंच्या घरी हेच झालं होतं. पहिले काही महिने टेबल टिकलं, कारण गिट्टी एकदम सुटत नाही. दर वेळी केसभर सरकते.

काकूंच्या टेबलाचं काय केलं

ब्रॅकेटं तीच ठेवली. बदललं ते ब्रॅकेट आणि भिंत यांच्या मधलं.

प्रत्येक ब्रॅकेटमागे कठीण लाकडाची एक उभी पट्टी घेतली, ४ इंच रुंद, १ इंच जाड आणि २४ इंच उंच. तिचं वरचं टोक टेबलाच्या पातळीला आणि खालचं जमिनीपासून सहा इंचांवर. ब्रॅकेट या पट्टीला नट-बोल्टने जखडलं, बोल्टची डोकी मागून लाकडात बुडवून. मग पट्टी भिंतीला लावली. वरच्या टोकाजवळ दोन, मध्ये एक, खाली एक अशा एएसीसाठीच मिळणाऱ्या ५ इंच लांब गिट्ट्या वापरल्या, आणि भोकं हॅमर बंद ठेवून पाडली.

आता बादलीचं गणित पुन्हा करा. ब्रॅकेटचा उभा हात सातच इंचांचा आहे, टेकू गुडघ्यापासून दूरच आहे. पण भिंतीच्या दृष्टीने कलंडणारी वस्तू आता सात इंचांची राहिली नाही, ती दोन फुटांची झाली. वरच्या गिट्ट्यांपासून पट्टीच्या खालच्या टोकापर्यंत २२ इंच. कडेवरचे २५ किलो तिप्पट व्हायच्या ऐवजी वीसवर येतात. टेबल आणि ताटांचा वाटा धरून २५च्या आसपास, तेही दोन गिट्ट्यांत वाटून. लाकूड थोडं वाकतं, त्यामुळे आकडा इतका नेटका येत नाही आणि मधली गिट्टीही तिचा वाटा उचलते. तरी नव्वदवरून पंचविसाच्या आसपास येणं, तेही गुडघ्याची जागा न घेता, यासाठी चार इंची पट्टी फार नाही. भिंतीला सपाट चिकटलेली पट्टी गुडघ्याची एक इंच खोली तेवढी घेते.

पट्टीचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. टेबल पाडल्यावर प्लायखालची २ इंची आडवी पट्टी भिंतीवर आपटायची, ती आता आपटत नाही, कारण सगळं एक इंच पुढे आलं. प्लायला ब्रॅकेट लावताना मात्र इंची स्क्रू घेऊ नका, तो सनमायका फोडून वर येतो. पाऊण इंची पुरतो.

'एवढं कशाला, पुढे एक पाय लावला तर?'

लावा की. पाय असेल तर बादली कोणीतरी खालून धरल्यासारखं होतं, पुढचा भार जमिनीत जातो आणि भिंतीतल्या स्क्रूवर ओढ जवळपास राहतच नाही. ज्यांची भिंत जिप्समच्या पार्टिशनची आहे त्यांना मी पायच सुचवेन. पाय दोन माणसांच्या मध्ये यायला हवा आणि त्याखाली उंची कमी-जास्त करता येणारं बूच हवं, कारण आपल्या लाद्या क्वचितच एका पातळीत असतात. आणि पाय उघडायला विसरलं तर काय, याचा विचार करून मागची गिट्टी बेताचीच ठेवू नका.

आणखी एक वाट म्हणजे वरून साखळी. रेल्वेच्या स्लीपर डब्यात मधला बर्थ साखळ्यांना लटकतो आणि त्यावर माणूस रात्रभर झोपतो. टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यांपासून दीड फूट वर भिंतीत साखळी अडकवली तर स्क्रूवरची ओढ भाराच्या तिप्पट न होता भाराएवढीच राहते आणि खाली पायांना काहीही आडवं येत नाही. टेबल पूर्ण मोकळं असलेला हा एकच प्रकार. फक्त ताटं ठेवता-उचलताना साखळी हाताला लागते आणि बघायला ती सगळ्यांना आवडत नाही. काकूंनी "घराचा डबा नको करू" म्हणून ती सूचना उडवून लावली.

जेवायच्या आधी

टेबल लावलं की पेन्सिलने प्रत्येक ब्रॅकेटच्या उभ्या हाताच्या वरच्या कडेला भिंतीवर रेघ मारा. आमच्याकडे ती लाकडी पट्टीच्या वर मारली. खाली गादी टाका, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यावर ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. दुसऱ्या रात्री दुसऱ्या कोपऱ्यावर. सकाळी रेघ आणि कड यांच्यात फट दिसली, वरच्या स्क्रूच्या डोक्याखाली पोस्टकार्ड सरकलं किंवा स्क्रूच्या वरच्या गिलाव्यात केसासारखी चीर दिसली, तर गिट्टी सरकायला लागली आहे. स्क्रू आवळून काही होत नाही, गिट्टीच बदलावी लागते, तीही नव्या जागी भोक पाडून. टेबल हलतंय पण रेघ जागेवर आहे, असं असेल तर ढिलाई टेकूच्या रिव्हेटमध्ये असते. ती त्रासदायक असली तरी गिट्टी सुटत असल्याचं लक्षण नाही.

काकूंच्या टेबलावर जार दोन रात्री होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कडेवर हात टेकवून चार वेळा उठून-बसून बघितलं, मग खुर्चीवर मांडी घातली आणि चहा मागवला. रेघ मी पुसायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे. दर महिन्याला बघायची आहे ना."